पोटातल्या महाधमनीचा फुगवटा : रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा

मुतखड्यासाठी किंवा प्रोस्टेटसाठी पोटाची सोनोग्राफी केली जाते, आणि रिपोर्टच्या तळाशी एक अनपेक्षित ओळ सापडते : एओर्टा ४.२ सें.मी., अन्युरिझमल. काही जण ही ओळ वाचून रात्रभर झोपत नाहीत. काही जण कागद फाइलमध्ये ठेवून विसरून जातात. दोघांचाही गोंधळ एकाच कारणाने झालेला असतो. ४.२ म्हणजे किती मोठं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. या आजारात पुढची तपासणी कधी, काळजी किती, ऑपरेशन कधी, हे जवळजवळ सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून आधी तो आकडा नीट वाचायला शिकू.

आकडा कशाचा असतो

महाधमनी, म्हणजे रिपोर्टमधली एओर्टा, हृदयातून निघते, छातीतून पाठीच्या कण्याला लागून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीला तिचे दोन फाटे होऊन दोन्ही पायांकडे जातात. पोटात ती दोन्ही मूत्रपिंडांना एकेक धमनी देते. फुगवटा बहुतेक वेळा या धमन्यांच्या खाली आणि दोन फाट्यांच्या वर, अशा मधल्या तुकड्यात होतो. तिथे निरोगी महाधमनीचा व्यास सुमारे २ सें.मी. असतो. तो ३ सें.मी. किंवा त्याहून जास्त झाला, की त्याला अन्युरिझम म्हणतात.

भिंतीला ताकद आणि लवचीकपणा देणारे तंतू झिजतात आणि भिंत हळूहळू बाहेर ढकलली जाते. फुगलेल्या भागात रक्ताचा प्रवाह मंदावतो, त्यामुळे आतल्या बाजूला गुठळीचा जाड थर बसतो. हा थर लक्षात ठेवा, मोजमापात तो पुढे त्रास देणार आहे. फुगवटा जितका रुंद, तितका त्याच रक्तदाबाने भिंतीवर येणारा ताण जास्त. रुंदी वाढली की ताण वाढतो, ताण वाढला की रुंदी आणखी वाढते. म्हणूनच छोटा फुगवटा वर्षानुवर्षं निवांत असतो आणि मोठा झाला की वेग धरतो.

फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आणि फुटला तर दहापैकी सुमारे आठ जण दगावतात, त्यातले बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतही नाहीत. तपासणी कुणाची करायची हा प्रश्न यातूनच आला.

तपासणी कुणी करून घ्यावी

सरसकट सगळ्यांनी नाही. हा आजार मुख्यतः साठी-पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांचा आणि धूम्रपान करणाऱ्यांचा आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक पुरुषाला वयाच्या ६५ व्या वर्षी एकदा सोनोग्राफीचं बोलावणं जातं. तो कार्यक्रम २००९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांच्या कार्यदलाची २०१९ ची शिफारस थोडी वेगळी आहे : ६५ ते ७५ वयाच्या ज्या पुरुषांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलं आहे त्यांनी एकदा तपासणी करावी, आणि ज्यांनी कधीच केलं नाही त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी व्यक्ती पाहून ठरवावं. इथे ‘धूम्रपान केलं आहे’ याचा अर्थ आयुष्यभरात मिळून १०० सिगारेटी. वीस वर्षांपूर्वी सोडलेला माणूसही त्यात येतो. ‘मी आता ओढत नाही’ एवढ्यावर सूट मिळत नाही.

कधीही धूम्रपान न केलेल्या आणि घरात कुणाला फुगवटा नसलेल्या स्त्रियांची तपासणी करू नये, असं तीच शिफारस स्पष्ट सांगते. त्यांच्यात हा आजार इतका कमी आढळतो की तपासणीतून फायद्यापेक्षा घोरच जास्त लागतो. धूम्रपान केलेल्या स्त्रियांबद्दल पुरावा अपुरा आहे, तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं बरं.

वयाच्या या चौकटीबाहेरचा एक गट मात्र सारखा सुटतो, तो म्हणजे रुग्णाची सख्खी माणसं. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला हा फुगवटा असेल, तर पुरुष असो वा स्त्री, पन्नाशीनंतर सोनोग्राफीचा विचार करावा असं युरोपातल्या रक्तवाहिनी-सर्जनांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रुग्णाला हे कुणी सांगत नाही, आणि भाऊ-बहिणींना कळायला वर्षं जातात.

डॉक्टरांनी हाताने पोट दाबून पाहिलं आणि काही लागलं नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सडपातळ माणसात मोठा फुगवटा हाताला ठोके देतो. पोट सुटलेल्या माणसात पाच सें.मी. चा फुगवटाही हाताला न लागणं सहज शक्य आहे.

सोनोग्राफी : नेमकं काय मोजायला सांगायचं

सोनोग्राफी दहा-पंधरा मिनिटांची आहे, सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. आतड्यातला वायू मध्ये आला तर महाधमनी दिसत नाही, म्हणून बरीच केंद्रं काही तास उपाशी पोटी यायला सांगतात. पाठीवर झोपवून पोटावर जेली लावतात आणि प्रोब छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत फिरवतात. आडवा आणि उभा असे दोन्ही छेद पाहिले जातात. नोंदवायचा असतो तो सर्वांत रुंद जागेचा पुढून मागे मोजलेला व्यास.

इथे तीन चुका नेहमीच्या आहेत.

पहिली चूक गुठळीची. रंगीत डॉपलर लावला की रक्त वाहतं तेवढीच नळी रंगते. भोवतीचा गुठळीचा थर राखाडी राहतो. घाईत कुणी रंगलेल्या भागाचाच व्यास घेतला, तर ५ सें.मी. चा फुगवटा ३ सें.मी. चा भासतो. व्यास भिंतीपासून भिंतीपर्यंत हवा, रक्ताच्या वाटेचा नाही.

दुसरी चूक तिरक्या छेदाची. वय वाढलं की महाधमनी वाकडी-तिकडी होते. काकडी सरळ कापली तर चकती गोल येते, तिरकी कापली तर लांबट येते. वाकड्या नळीचा आडवा छेद घेतला तर नेमकं तेच होतं आणि व्यास खोटाच मोठा दिसतो. छेद नळीच्या त्या जागच्या दिशेला काटकोनात हवा. सीटी स्कॅनमध्येही हीच चूक होते, कारण यंत्र स्वतःहून शरीराला आडवे छेद देतं, धमनीला नाही. म्हणून फुगवट्याचा सीटी असेल तर व्यास धमनीच्या मध्यरेषेला काटकोनात मोजून मागावा.

तिसरी चूक सर्वांत गुंतागुंतीची आहे, कारण ती खरं तर चूकच नाही. खूण भिंतीवर नेमकी कुठे लावायची, याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. एका पद्धतीत दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या बाहेरच्या कडेवर खुणा लावतात, दुसरीत आतल्या कडेवर. भिंतीची जाडी दोनदा मोजली जाते की नाही एवढाच फरक, पण तो सरासरी ४ मि.मी. च्या आसपास पडतो. इंग्लंडचा कार्यक्रम आतून आत मोजतो, इतर बऱ्याच ठिकाणी बाहेरून बाहेर मोजतात. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारून पेनाने लिहून घ्या. वर्षाला दोन-तीन मि.मी. वाढणाऱ्या गोष्टीत ४ मि.मी. चा फरक काय गोंधळ घालतो ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

किती वेगाने वाढतं

२०१३ साली बऱ्याच देशांतल्या पाहणींची आकडेवारी एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली सरासरी अशी : ३ सें.मी. चा फुगवटा वर्षाला सुमारे १.३ मि.मी. वाढतो, आणि ५ सें.मी. चा वर्षाला सुमारे ३.६ मि.मी. व्यास अर्ध्या सें.मी. ने वाढला की वाढीचा वेग वर्षाला साधारण ०.६ मि.मी. ने चढतो, आणि फुटण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. व्यासाच्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या आहेत, पण धोक्याच्या पायऱ्या दर वेळी दुप्पट उंच होत जातात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दोन गोष्टी या सरासरीला ढकलतात. धूम्रपान चालू असेल तर वाढ वर्षाला सुमारे ०.३५ मि.मी. ने जास्त होते आणि फुटण्याचा धोका साधारण दुप्पट. मधुमेह असलेल्यांत मात्र वाढ वर्षाला अर्ध्या मि.मी. ने कमी आढळते. हे विचित्र वाटेल, पण ते अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. त्याचा अर्थ साखर वाढू द्यावी असा नाही, कारण याच रुग्णांचा हृदयविकार साखरेमुळेच बिघडतो.

आणि स्त्रियांचं गणित वेगळं आहे. वाढीचा वेग पुरुषांसारखाच, पण त्याच व्यासाला फुटण्याचा धोका सुमारे चौपट. मुळात त्यांची महाधमनी लहान असते, त्यामुळे ५ सें.मी. ही त्यांच्यासाठी तुलनेने जास्त मोठी फुगवणी ठरते.

वाढ थांबवणारी गोळी आजवर मिळालेली नाही. डॉक्सिसायक्लिन आणि प्रोप्रानोलॉल, दोन्ही चाचण्यांत निष्फळ ठरली. रक्तदाबाची औषधं आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन दिली जातात ती मुख्यतः हृदय आणि मेंदू सांभाळण्यासाठी. अशा रुग्णांचा मृत्यू फुगवट्यापेक्षा हार्ट अटॅकने होण्याची शक्यता जास्त असते. सिगारेट सोडणं हा एकच उपाय दोन्हींवर चालतो. एक बारीक गोष्ट : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटाच्या प्रतिजैविकांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये इशारा दिला आहे, की महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना दुसरा पर्याय असेल तर ती देऊ नयेत. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ही औषधं सर्रास लिहिली जातात, तेव्हा फुगवटा असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.

पुढची सोनोग्राफी कधी

वेग व्यासावर अवलंबून आहे, म्हणून तपासणीचं अंतरही व्यासावर. युरोपीय तत्त्वांप्रमाणे पुरुषांसाठी :

- ३.० ते ३.९ सें.मी. : दर ३ वर्षांनी
- ४.० ते ४.९ सें.मी. : दर वर्षी
- ५.० ते ५.४ सें.मी. : दर ३ ते ६ महिन्यांनी

इंग्लंडचं वेळापत्रक जास्त सावध आहे : ३.० ते ४.४ पर्यंत दर वर्षी आणि ४.५ ते ५.४ पर्यंत दर तीन महिन्यांनी. यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं नाही. वर सांगितलेल्या २०१३ च्या अभ्यासाने हिशोब करून दाखवला, की ३ सें.मी. च्या फुगवट्याने ५.५ ओलांडण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत ठेवायची असेल तर पुरुषात सात वर्षांहून थोडी जास्त वाट पाहिली तरी चालेल, आणि ५ सें.मी. ला मात्र आठ महिन्यांत पुन्हा पाहायला हवं. म्हणजे छोट्या फुगवट्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करणारा माणूस जास्त सुरक्षित होत नाही. तो फक्त मोजमापातली चढउतार पाहून घाबरतो.

२.५ ते २.९ हा मधला पट्टा अजून अन्युरिझम नाही. तिथे पाच ते दहा वर्षांनी एकदा पाहणं पुरतं, आणि तोवर आयुर्मान व प्रकृती किती आहे यावर तेही ठरतं.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, ६६ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. तीस वर्षं सिगारेट, पाच वर्षांपूर्वी सोडली. एका केंद्रात पहिल्या सोनोग्राफीत ४.२ सें.मी. आलं. पुढच्या वर्षी ४.४, त्याच्या पुढच्या वर्षी ४.७. वर्षाला दोन ते तीन मि.मी. म्हणजे अपेक्षेबरहुकूम.

६९ व्या वर्षी ते दुसऱ्या केंद्रात गेले आणि रिपोर्ट आला ५.४. एका वर्षात ७ मि.मी. घरचे हादरले, कारण वर्षाला १ सें.मी. वाढ हे ऑपरेशनसाठी पाठवण्याचं एक कारण मानतात, आणि हा आकडा त्याच्या जवळ जातोय.

इथे आधी करायचं काम म्हणजे जुन्या आणि नव्या सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवून खुणा कुठे आहेत ते पाहणं. जुन्या केंद्राने आतून आत मोजलं होतं. नव्याने बाहेरून बाहेर. नवीनच प्रतिमेवर आतल्या कडा धरून पुन्हा मोजलं तर व्यास आला ५.०. म्हणजे खरी वाढ ३ मि.मी. घाबरण्याचं कारण गेलं.

पण इथेच थांबलात तर अर्धंच वाचलंत. रिपोर्टला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात : वेगाने वाढतंय का, आणि मोठं आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं. दुसऱ्याचं उत्तर कुठली फूटपट्टी वापरता यावर आहे, आणि बाहेरून बाहेर मोजलं तर हा फुगवटा ५.५ च्या उंबरठ्यावर उभा आहे. ५.५ हा आकडा प्रस्थापित करणाऱ्या ब्रिटनमधल्या चाचणीत व्यास बाहेरून बाहेर मोजला होता. मोजमापाची भाषा बदलून ५.४ चं ५.० केलं म्हणून माणूस उंबरठ्यापासून दूर जात नाही.

तेव्हा इथून पुढे एकच केंद्र, एकच पद्धत, आणि पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी. ती आली ५.६, बाहेरून बाहेर. आता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे आणि सीटी अँजिओग्राफीकडे. सोनोग्राफीवरून ऑपरेशन ठरत नाही.

साडेपाच हा आकडा आला कुठून

बरेच जण समजतात की ५.५ ला फुगवटा फुटतो. तसं नाही. ५.५ च्या वरचे अनेक फुगवटे वर्षानुवर्षं फुटत नाहीत. ही रेघ वेगळ्या प्रश्नातून आली आहे : कुठल्या व्यासानंतर ऑपरेशनचा धोका वाट पाहण्याच्या धोक्यापेक्षा कमी होतो?

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ४.० ते ५.५ सें.मी. फुगवटे असलेल्या १०९० जणांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एकाचं लगेच उघडं ऑपरेशन, दुसऱ्यावर नियमित सोनोग्राफीची नजर आणि ५.५ ओलांडला की ऑपरेशन. लगेच ऑपरेशन केलेल्यांतले ५.८ टक्के महिनाभरातच गेले. पुढे जगण्यात दोन गटांत फरक पडला नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ११३६ जणांच्या चाचणीत ऑपरेशनचा मृत्युदर २.७ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी होता, तरीही फायदा दिसला नाही. कारण नजर ठेवलेल्या गटात फुटण्याचं प्रमाण वर्षाला फक्त ०.६ टक्का होतं. पुढे पोट न उघडता स्टेंटने होणारं सोपं ऑपरेशन आल्यावर छोट्या फुगवट्यांवर ते लवकर करून पाहिलं, उत्तर तेच आलं.

या चाचण्यांत स्त्रिया थोड्या होत्या. म्हणूनच स्त्रियांना ५.० ला ऑपरेशनचा विचार करतात, पण हा आकडा पुरुषांच्या ५.५ इतक्या भक्कम पुराव्यावर उभा नाही.

ऑपरेशन सुचवण्याची इतर कारणं : वर्षात १ सें.मी. किंवा जास्त वाढ (मोजमापाची शहानिशा करून), आणि व्यास काहीही असला तरी फुगवट्यामुळे होणारी पोटदुखी किंवा पाठदुखी. गोल पिशवीसारखा एकाच बाजूला फुगलेला प्रकार असेल तर सर्जन कमी व्यासालाही सुचवतात.

आणि ५.५ ओलांडला म्हणून प्रत्येकाला ऑपरेशन द्यावं असंही नाही. हृदय खूप कमकुवत असेल, फुप्फुसं खराब असतील, दुसऱ्या आजाराने दोन-तीन वर्षांचंच आयुष्य उरलं असेल, तर ५.७ च्या फुगवट्याला हात न लावणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. सर्जनला थेट विचारा : ऑपरेशन केलं तर माझा धोका किती, नाही केलं तर वर्षाला किती?

दुरुस्ती : उघडी की स्टेंटने

उघड्या ऑपरेशनमध्ये पोट उघडून महाधमनी फुगवट्याच्या वर चिमट्याने बंद करतात, फुगलेला भाग उघडून आत कृत्रिम कापडाची नळी शिवतात. हॉस्पिटलात आठवडाभर, पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने. नंतर टाक्याच्या जागी हर्निया होऊ शकतो, पण नळी स्वतः फारशी दगा देत नाही.

दुसऱ्या पद्धतीत जांघेतल्या धमनीतून तारेवरून घडी घातलेला स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीची कापडी नळी, वर नेतात आणि फुगवट्याच्या आत उघडतात. पोटातल्या फुगवट्यासाठी हे पहिल्यांदा १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी केलं. दोन-तीन दिवसांत घरी. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत महिनाभरातला मृत्युदर स्टेंटने १.७ टक्के आणि उघड्या ऑपरेशनने ४.७ टक्के होता. पण हा सुरुवातीचा फायदा पुढच्या वर्षांत पुसला गेला, कारण स्टेंटवाल्यांना पुन्हापुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि काहींचा फुगवटा उशिराने फुटला.

स्टेंट बसेल का, हे सीटीवर ठरतं, आणि सगळा खेळ ‘मानेचा’ आहे. मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली आणि फुगवट्याच्या वर महाधमनीचा जो निरोगी तुकडा उरतो त्याला सर्जन मान म्हणतात. स्टेंटचं वरचं टोक याच तुकड्याला घट्ट चिकटून रक्त अडवतं. मान किमान १० ते १५ मि.मी. लांब, फार रुंद नसलेली, आणि साधारण ६० अंशांपेक्षा कमी वाकलेली हवी. ती आखूड किंवा वाकडी असताना साधा स्टेंट ओढूनताणून बसवला, की काही काळाने कडेने रक्त गळू लागतं.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांच्या सीटीत व्यास ५.७ आला, मान २४ मि.मी. लांब, २३ मि.मी. रुंद, जवळजवळ सरळ. वय ७०, मूत्रपिंड आणि हृदय ठीक. स्टेंटला याहून चांगली मान मागता येत नाही. माणूस ६० वर्षांचा आणि तंदुरुस्त असता, तर उघड्या ऑपरेशनचा विचारही तितक्याच जोराने करायला हवा होता, कारण मग स्टेंटवर वीस-पंचवीस वर्षं नजर ठेवावी लागली असती.

स्टेंटनंतरची वही बंद होत नाही

साधारण एका महिन्याने सीटी, आणि मग ठराविक काळाने सोनोग्राफी, आयुष्यभर. शोधायचं असतं ते स्टेंटच्या बाहेर, फुगवट्याच्या जुन्या पिशवीत रक्त शिरतंय का. त्याला एंडोलीक म्हणतात. स्टेंटच्या वरच्या किंवा खालच्या टोकाकडून गळत असेल तर तो पहिला प्रकार, आणि तो दिसला की दुरुस्तच करायचा, कारण पिशवीत महाधमनीचा पूर्ण दाब शिरलेला असतो. छोट्या शाखांतून उलट्या वाटेने रक्त येत असेल तर तो दुसरा प्रकार. तो बऱ्याचदा दिसतो आणि पिशवी वाढत नसेल तर त्याला सोडून देतात.

आपल्या गृहस्थांच्या महिन्यानंतरच्या सीटीत दुसऱ्या प्रकारची गळती दिसली. ‘लीक’ शब्द वाचून पुन्हा घरात धावपळ. पण पिशवी ५.७ चीच होती, वर्षाने ५.५, दोन वर्षांनी ५.२. आकसणारी पिशवी म्हणजे आतला दाब उतरलाय. गळतीला हात लावला नाही. तीच पिशवी ५.७ वरून ६.२ ला गेली असती, तर गळती कुठून आहे ते शोधून बुजवावी लागली असती.

कधी थांबायचं नाही

फुगवटा माहीत असलेल्या माणसाला पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक जोराचं दुखलं, घाम फुटला, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर पुढच्या सोनोग्राफीची तारीख विसरा. रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन होणाऱ्या हॉस्पिटलात अँब्युलन्सने ताबडतोब जायचं, आणि पहिल्याच वाक्यात फुगवट्याचा व्यास सांगायचा. ही कळ डाव्या कुशीतून जांघेकडे गेली तर ती हुबेहूब मुतखड्यासारखी वाटते. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखडा’ दुखतोय, तर खडा सिद्ध होईपर्यंत महाधमनी पाहून घ्यावी. शेवटचा रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला, तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

गृहस्थांच्या धाकट्या भावाने, वय ६०, त्या वर्षी सोनोग्राफी करून घेतली. बाहेरून बाहेर २.१ सें.मी. पुढची दहा वर्षांनी.